कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज कोणाकडे?

कर्ता पुरुष मरण पावला की त्याच्या नावावरील कर्जही संपले, असा समज सोलापूर जिल्ह्यातील अनेक गावांत आढळतो. उलटपक्षी, बापाचे कर्ज मुलाने घर विकूनही फेडलेच पाहिजे, असेही काही जण मानतात. हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

वारस हा केवळ वारस असेल, तर मृताकडून त्याला जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी असते. स्वतःच्या कमाईतून ते कर्ज फेडण्याचे बंधन त्याच्यावर नसते. मात्र गहाण जमिनीच्या सातबाऱ्यावरील बोजा वारसनोंद झाल्यानेही उतरत नाही. ज्याने सह-कर्जदार म्हणून सही केली, त्याची गोष्ट अगदी निराळी आहे. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, संपूर्ण रक्कम त्याच्या एकट्याकडूनही मागता येते.

उदाहरणार्थ, सांगोला तालुक्यातील दोन भावांनी डाळिंबाच्या बागेसाठी मिळून कर्ज काढले, आणि थोरला वारला तेव्हा 2,40,000 रुपये बाकी होते, असे समजू. विमा नसल्यास बँक ही सर्व रक्कम धाकट्याकडे मागू शकते. ती फेडल्यावर निम्मा वाटा, म्हणजे 1,20,000 रुपये, तो थोरल्याच्या वारसांकडे मागू शकेल. पण तोही थोरल्याच्या मालमत्तेपुरताच.

आता कर्ज-विमा होता असे धरू. दोघांचा निम्म्या-निम्म्या हिश्शाचा विमा असेल, तर थोरल्याच्या हिश्शाचे 1,20,000 रुपये विमा कंपनी कर्जखात्यात भरील व धाकट्याकडे उरलेली निम्मी बाकी राहील. परंतु पुष्कळदा केवळ पहिल्या नावाच्या कर्जदाराचाच विमा उतरलेला असतो. तसे असून दुसरा वारला, तर विम्यातून काहीच मिळत नाही. म्हणून कर्ज घेतानाच विमापत्र मागून घ्यावे व त्यात कोणाचे नाव, किती रक्कम आणि कोणती मुदत आहे, हे वाचून पाहावे. पीकविमा हा कर्ज-विमा नव्हे. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे 2 लाख रुपयेही कर्जखात्यात आपोआप जात नाहीत. ते नामनिर्देशित व्यक्तीला मिळतात.

मृत्यू झाल्यावर बँकेस किंवा सोसायटीस लेखी कळवून पोच घ्यावी. मृत्यूच्या दाखल्यासह विम्याचा दावा ताबडतोब दाखल करावा, कारण दावा निकालात निघेपर्यंत व्याज चालूच राहते. त्या काळात खाते ‘नवे-जुने’ करण्यासाठी वारसाने न वाचता सही करू नये. तशी सही केल्यास जो आतापर्यंत केवळ वारस होता, तो स्वतःच कर्जदार होतो. ग्रामसेवकांनी अशा कुटुंबाबरोबर सोसायटीत जाऊन प्रथम विमापत्र आहे की नाही, हे पाहावे.