ब्रेकमधील हवा

मोटारसायकलच्या पुढील चाकाचा डिस्क ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतो. लिव्हर दाबली की ब्रेक ऑइल नळीतून कॅलिपरकडे ढकलले जाते. तेथील पिस्टन पुढे सरकतो आणि दोन पॅड फिरती डिस्क आवळून धरतात. द्रव दाबाने जवळजवळ आकसत नाही, म्हणून बोटांचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. हवा मात्र सहज आकसते.

एका दूधविक्रेत्याच्या गाडीचा ब्रेक दाबताच धातू घासल्यासारखा आवाज येऊ लागला. पॅडवरील घर्षणाचा थर जेमतेम १ मिलिमीटर उरला होता. पॅड झिजतात तसा पिस्टन अधिक बाहेर येतो आणि हँडलवरील टाकीतील ऑइलची पातळी खाली जाते. त्याने नवे पॅड बसवले. आवाज थांबला, पण लिव्हर स्पंजसारखी दबतच राहिली. भराभर तीन-चार वेळा दाबल्यावर ती थोडी घट्ट होई. हे नळीत हवा असल्याचे लक्षण होय. टाकीतील ऑइल फार उतरल्याने हवा आत शिरली होती. ती पॅड बदलल्याने निघत नाही.

हवा काढताना त्याने मुलाला मदतीस घेतले. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचेच, सीलबंद डब्यातील ऑइल आणले. गाडीच्या रंगावर कापड अंथरले, कारण हे ऑइल रंग खाते. सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे लागते. टाकी भरून त्याने कॅलिपरवरील निपलला पारदर्शक नळी जोडली आणि तिचे दुसरे टोक बाटलीतील थोड्या ऑइलमध्ये बुडवले.

मुलाने लिव्हर सावकाश तीन वेळा दाबून तिसऱ्या वेळी दाबून धरली. वडिलांनी पान्याने निपल पाव फेरा सैल केला. बुडबुड्यांसह ऑइल बाहेर आले. निपल पुन्हा आवळल्यानंतरच मुलाने लिव्हर सोडली. हा क्रम महत्त्वाचा आहे. निपल उघडे असताना लिव्हर सोडली, तर हवा परत आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत त्यांनी ही कृती केली. मधूनमधून टाकीत ऑइल भरले. टाकी रिकामी झाली असती, तर सारे श्रम वाया गेले असते.

शेवटी लिव्हर मिनिटभर जोराने दाबून धरली. ती खाली सरकली नाही, कोठे ओलही दिसली नाही. मग मोकळ्या मैदानात मंद वेगाने ब्रेक तपासला. लिव्हर हळूहळू खाली सरकली असती, तर गळती किंवा खराब सील हे कारण ठरले असते. तसे असल्यास, अथवा एबीएस असलेल्या गाडीत लिव्हर मऊच राहिल्यास, गाडी न चालवता मेकॅनिकला दाखवावी.

स्वाध्याय

१. नवे पॅड बसवूनही लिव्हर मऊ का राहिली?
२. निपल आवळण्यापूर्वी लिव्हर का सोडू नये?