बास्केटबॉल शिकवताना : आधी चेंडूशी ओळख, मग समोर खेळाडू



बास्केटबॉलचा तास म्हटला की बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसतं. सर चेंडू देतात, दोन टीम पडतात, शिट्टी वाजते आणि सामना सुरू. लेकरं खूश असतात, ग्राउंडवर गलका असतो, त्यामुळे तास चांगला झाला असं वाटतं. पण एकदा वही-पेन घेऊन कडेला बसा आणि कोणाच्या हातात चेंडू किती वेळा आला याच्या खुणा करा. तीन-चार नावांपुढेच खुणांची रांग लागते. बाकीची लेकरं नुसती पळत असतात. त्यातही मुली आणि बुटकी पोरं यांच्या नावापुढे जागा कोरीच राहते.

हिशोब साधा आहे. १० खेळाडू, एक चेंडू आणि २० मिनिटं. अगदी समान वाटणी झाली तरी प्रत्येकाच्या वाट्याला २ मिनिटं येतात, आणि समान वाटणी कधीच होत नाही. ज्याला आधीच येतं त्यालाच सराव मिळतो. म्हणून सुरुवातीचे काही तास स्टेशन पद्धतीने आणि समोर अडवणारा न ठेवता कसे घ्यायचे, ते या लेखात पाहू.

अडवणारा सुरुवातीला का नको?

नवीन लेकराचं सगळं लक्ष चेंडूवर असतं. टप्पा किती उंच येतो, हात कुठे लावायचा, चेंडू पायाला तर लागणार नाही ना, यातच त्याची नजर अडकलेली असते. अशा वेळी समोर कोणी हात फैलावून आला की ते पाठ फिरवतं, दोन्ही हातांनी चेंडू पोटाशी धरतं आणि मग डोळे मिटून कुठेतरी भिरकावतं. यातून ड्रिबलही शिकून होत नाही आणि पासही. दोन-चार वेळा चेंडू हिसकावला गेला की लेकरू चेंडू मागणंच बंद करतं.

पूर्वतयारी

समजा, चाकूर तालुक्यातली एखादी शाळा आहे. सहावी-सातवी मिळून ३२ लेकरं, ३५ मिनिटांची तासिका, ५ नंबरचे ८ बास्केटबॉल आणि २ जुने व्हॉलीबॉल. या वयाला ५ नंबरचाच चेंडू घ्यावा. मोठ्या माणसांचा ७ नंबरचा चेंडू लहान हातात मावत नाही, मग लेकरं तो खांद्यावरून गोळाफेकीसारखा ढकलतात.

आपल्याकडच्या काळ्या मातीत चेंडूला टप्पा येत नाही आणि खडबडीत मुरुमावर तो वेडावाकडा उडतो. त्यामुळे ड्रिबलसाठी वर्गांसमोरचा कोबा किंवा परिपाठाची फरशी वापरा. पासचा सराव मातीवर चालतो. चेंडूतली हवाही तपासा. लेकराने डोक्याच्या उंचीवरून चेंडू सोडला तर तो कमरेच्या वर यायला हवा. हवा कमी असली की लेकरू चेंडू जोरात थापटायला लागतं आणि हीच सवय पुढे मोडावी लागते.

चार स्टेशन

३२ लेकरांचे ८-८ चे चार गट करा. पहिली ४ मिनिटं वार्मअप आणि सूचना. मग प्रत्येक स्टेशनवर ५ मिनिटं आणि बदलायला १ मिनिट. शिट्टी झाली की चेंडू जागेवर ठेवायचा आणि गटाने पुढे जायचं. चेंडू हलत नाहीत, लेकरं हलतात. शेवटी ८ मिनिटं उरतात, त्यांचं पुढे बघू.

*स्टेशन १ : जागेवर ड्रिबल (४ चेंडू).* जोडीतला एक ड्रिबल करतो, दुसरा समोर उभा राहून बोटं दाखवतो. ड्रिबल करणाऱ्याने टप्पा न थांबवता बोटं किती ते मोठ्याने सांगायचं. त्यामुळे "वर बघ, वर बघ" असं ओरडावं लागत नाही, नजर आपोआप वर येते. गुडघे कबड्डीतल्या बचाव करणाऱ्यासारखे वाकलेले, चेंडू पायांसमोर न ठेवता थोडा बाजूला, टप्पा कमरेपर्यंत. हात कसा हवा ते सांगायला आपल्या लेकरांना एक वाक्य पुरतं : "भाकरी थापायची नाही, चेंडू खाली दाबायचा." तळवा लागला की फटफट आवाज येतो. बोटांच्या पेरांनी दाबला तर फक्त जमिनीचा आवाज येतो. पाठ असली तरी कानाने चूक ओळखता येते.

*स्टेशन २ : चालत ड्रिबल (२ चेंडू).* चार-चार जणांच्या दोन रांगा. ८ मीटरवर एक चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवा. जाताना सवयीच्या हाताने, वळून येताना दुसऱ्या हाताने. इथे एक पथ्य पाळा : शर्यत लावू नका. शर्यत लागली की लेकरं चेंडू पुढे ढकलतात आणि त्याच्यामागे पळतात, म्हणजे चेंडूच त्यांना खेळवतो. आधी चालत, जमलं की हळू धावत. दुसऱ्या हाताने चेंडू पायावर आदळत असेल तर लेकरू सरळ उभं राहिलेलं असतं. त्याला फक्त गुडघे वाकवायला सांगा.

*स्टेशन ३ : जोडीने पास (२ बास्केटबॉल, २ व्हॉलीबॉल).* अंतर ३ मीटर. आधी छातीपासचा पास : कोपर शरीराजवळ, दोन्ही हातांची बोटं चेंडूच्या बाजूंना, अंगठे मागे. एक पाऊल पुढे टाकत ढकलायचा. पास गेल्यावर अंगठे जमिनीकडे आणि तळवे बाहेरच्या बाजूला वळलेले दिसले पाहिजेत. हात एकच पुढे गेला असेल तर चेंडू तिरपा जातो. मग टप्पा पास. यात चेंडू जोडीदाराच्या जवळ आपटायला हवा, अंतराच्या साधारण दोन-तृतीयांशावर. ३ मीटरमध्ये पास देणाऱ्यापासून २ मीटरवर फक्कीने फुली काढा, समजावून सांगावंच लागत नाही.

पास घेणाऱ्याकडेही तेवढंच लक्ष द्या. चेंडू येताना तोंड फिरवणारं लेकरू घाबरलेलं असतं. त्याच्यासाठी अंतर २ मीटर करा, व्हॉलीबॉल द्या आणि टप्पा पासनेच सुरू करा. बोटं चेंडूकडे टोकदार रोखली तर दुखावतात, म्हणून बोटं वर आणि पसरलेली ठेवायला शिकवा.

*स्टेशन ४ : थांबणं आणि वळणं (चेंडू नाही).* लेकरं हळू धावतात, गटप्रमुखाने टाळी वाजवली की दोन्ही पायांवर एकदम थांबायचं, गुडघे वाकलेले. मग एक पाय खिळा ठोकल्यासारखा आणि दुसऱ्या पायाने चारही दिशांना वळायचं. हे कंटाळवाणं वाटेल, पण पास झेलल्यावर चार पावलं पळणारी लेकरं इथेच सुधारतात. दुसऱ्या आठवड्यात याच स्टेशनवर एक चेंडू द्या.

आता पुन्हा हिशोब करा. पहिल्या स्टेशनवर प्रत्येकाला अडीच मिनिटं ड्रिबल मिळतो, सेकंदाला एक टप्पा धरला तरी १५० टप्पे. तिसऱ्या स्टेशनवर चेंडू सुटण्याचा वेळ वजा करूनही प्रत्येकी ३० च्या आसपास पास होतात. आणि हे ३२ च्या ३२ लेकरांना. चेंडू कमी असतील तर पहिल्या स्टेशनवर तिघांचा गट करा : एक ड्रिबल करणारा, एक बोटं दाखवणारा, एक टप्पे मोजणारा.

पुढे कधी जायचं?

दोन छोट्या चाचण्या ठेवा. एक, ८ मीटर सवयीच्या हाताने जाऊन दुसऱ्या हाताने परत येताना चार वेळा दाखवलेली बोटं किमान तीनदा बरोबर सांगणं. दोन, जोडीने ३ मीटरवरून न सोडता १० पास. आठांपैकी सहा जणांना जमलं की गट पुढे न्या. सगळे पक्के होईपर्यंत थांबू नका. बाटली जागची हलत नाही, ती कोणाचा चेंडू हिसकावत नाही. पास केव्हा द्यायचा आणि ड्रिबल केव्हा करायचा, हे बाटलीभोवती कितीही फेऱ्या मारल्या तरी कळत नाही. महिनाभर नुसत्या स्टेशनवर राहिलेलं लेकरू सामन्यात पुन्हा गोंधळतं.

शेवटची ८ मिनिटं याच कामासाठी. पहिल्या दोन तासांना तिघांनी पास करत मैदान पार करायचं, अडवणारा कोणी नाही. चाचण्या जमल्या की दोघांविरुद्ध एक, पण अडवणाऱ्याचे हात पाठीमागे. आता लेकराला फक्त एकच निर्णय घ्यायचा असतो. अडवणारा माझ्याकडे आला तर पास द्यायचा, जोडीदाराकडे सरकला तर ड्रिबल करत पुढे जायचं. हे जमलं की अडवणाऱ्याचे हात मोकळे करा.

त्यानंतर तीन विरुद्ध तीन, पण ड्रिबल बंद. चेंडू मिळाला की थांबायचं, वळायचं आणि पास द्यायचा. हा खेळ बास्केटबॉलच्या मूळ रूपाच्या जवळचा आहे. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ तयार केला, तेव्हा त्याच्या १३ नियमांत चेंडू घेऊन पळायला मनाई होती. जिथे झेलला तिथूनच तो टाकायचा. ड्रिबल नंतर आला. ड्रिबल बंद केला की चेंडू एकाच्याच हातात राहू शकत नाही आणि मोकळ्या जागेत जाऊन चेंडू मागणं सगळ्यांना भाग पडतं.

शाळेत पोल नसेल तरी अडत नाही. दोन्ही टोकांना फक्कीने एकेक गोल काढा, त्यात स्वतःचा एक गडी उभा करा. त्याने गोलात पास झेलला की एक गुण. पोल असेल तर एवढं लक्षात ठेवा की मोठ्यांची रिंग ३.०५ मीटरवर असते, तर मिनी बास्केटबॉलमध्ये १२ वर्षांपर्यंतच्या लेकरांसाठी ती २.६० मीटरवर असते. उंच रिंगकडे चेंडू फेकण्याच्या नादात पास विसरला जातो.

सगळ्यात शेवटी ड्रिबल सुरू करा, पण एका वेळी तीनच टप्पे. हळूहळू ही मर्यादा काढा.

पालकांना एक विनंती. घरी रिंग नसली तरी चालेल. अंगणातल्या फरशीवर, भिंतीपासून ३ मीटरवर उभं राहून पास आणि दुसऱ्या हाताने १०० टप्पे, एवढं रोज झालं तरी पुरे. तुम्ही समोर उभं राहून बोटं दाखवलीत तर आणखी उत्तम.

आणि शिक्षकांनी तीन-चार आठवड्यांनी तीन विरुद्ध तीनच्या खेळात पुन्हा वही घेऊन बसावं. पहिल्या दिवशी ज्या नावांपुढे जागा कोरी होती, त्यांच्यापुढे आता किती खुणा आहेत ते मोजा. अजूनही कोरी असेल तर त्या लेकराला आणखी एक आठवडा दोघांविरुद्ध एक या खेळात ठेवा. तिथे चेंडू त्याच्याकडे आल्याशिवाय राहत नाही.