पाटीवरच्या भांडणाचं पत्र

बाळा, बंगळुरूच्या मारतहळ्ळीतल्या कन्नड पाट्यांबद्दल सोसायटीच्या फलकासाठी लिहिलेलं तुझं पत्र वाचलं. मुद्दा खरा आहे, पण तिखटात बुडालाय. लावण्याआधी पुन्हा लिही.

1. नोकऱ्यांतल्या स्थानिक आरक्षणाचा परिच्छेद काढ – जुलै 2024चं ते भांडण वेगळं. एका पातेल्यात दोन भाज्या शिजवल्या, की दोन्ही कच्च्या राहतात.

2. 'हे लोक पाट्या फोडतात' असं लिहू नकोस. '27 डिसेंबर 2023च्या आंदोलनात काही पाट्या फोडल्या गेल्या' असं लिही – समोरच्या दारातल्या आजोबांनी दगड उचलला नव्हता, आणि तुझ्या 'हे लोक'मध्ये तेही येतात. मी एकदा असंच 'तुमची माणसं' लिहिलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंशी दोन वर्षं बोलणं तुटलं.

3. प्रत्येक वाक्यात 'कन्नड'च्या जागी 'मराठी' घालून वाच – सप्टेंबर 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिने दिले, तेव्हा आपल्या घरात आनंदच झाला होता. 'पाट्यांची सक्ती म्हणजे दादागिरी' हे तुझं वाक्य तिथे तुला बोचलं, तर इथूनही खोड.

4. जे मान्य आहे ते आधी सांग, आणि विरोध एकदाच, ठाम शब्दांत मांड – 'कदाचित', 'मला आपलं वाटतं' पेरलंस, तर तुला काय हवंय तेच कळत नाही. गोड बोलावं, पण गुळात खडा लपवू नये. मी असं लिहिलं असतं:

'पाटीचा 60 टक्के भाग कन्नडमध्ये असावा, हा नियम मला मान्य आहे. पाट्या फोडणं मान्य नाही; नियम मोडणाऱ्यावर कारवाई महापालिकेने करावी. उरलेल्या जागेत इंग्रजी राहावं, म्हणजे नव्याने आलेल्याला रात्री औषधाचं दुकान सापडेल.'

बघ, तुझं म्हणणं तसूभरही कमी झालं नाही. गेला तो फक्त 'टॅक्स आम्ही भरतो'चा टोमणा – टॅक्स कन्नड शेजारीही भरतात, आणि मग उत्तरं पाट्यांवर न येता टॅक्सवरच येतात.

5. शेवटी 'पटतंय ना?' विचारू नकोस – त्याला हो किंवा नाही, एवढंच उत्तर असतं. 'ज्यांनी 28 फेब्रुवारी 2024च्या मुदतीसाठी पाटी बदलली, त्यांना किती खर्च आला? इंग्रजीला जागा पुरली का?' असं विचार – हे त्यांना ठाऊक आहे, तुला नाही. ज्याच्याकडून शिकायचंय, तो सहसा भांडत नाही.

6. लावण्याआधी त्या आजोबांना वाचून दाखव. 'बरं आहे का?' म्हणालास तर ते भिडेने हो म्हणतील, म्हणून 'कुठे खटकलं?' असं विचार – ते बोट ठेवतील तिथे आधी शब्द बदल, मुद्दा नव्हे. आणि जाताना 'नमस्कारा' म्हण, तेवढं कन्नड तुला येतं.