ओंडक्याचा पाव घेर

जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांच्या डोंगराळ जंगलात साग वाढतो. तोडलेला साग विकताना ओंडका किती घनमीटर भरतो, हे आधी काढावे लागते. कारण भाव घनमीटरवर असतो. त्यासाठी पाव घेराचा नियम वापरतात.

समजा, एक ओंडका 4 मीटर लांब आहे. बुंध्याकडे त्याचा घेर 1.32 मीटर आणि शेंड्याकडे 1.08 मीटर भरला. दोन्हींची बेरीज करून निम्मी केली, की सरासरी घेर 1.20 मीटर येतो. त्याचा चौथा भाग 0.30 मीटर. या पाव घेराला त्यानेच गुणले, की 0.09 येतात. त्याला लांबीने गुणावे. उत्तर 0.36 घनमीटर.

तुम्ही म्हणाल, ओंडका तर गोल आहे! खरे आहे. वर्तुळाच्या सूत्राने हेच घनफळ सुमारे 0.46 घनमीटर येते. मग उरलेले लाकूड गेले कुठे? गोल ओंडका कापून चौकोनी तुळई काढताना कडेचे तुकडे आणि भुसा वाया जातो. त्याची सूट या नियमात आधीच धरलेली आहे.

मोजण्यापूर्वी साल मात्र काढलेली हवी. सालीसकट सरासरी घेर 1.28 मीटर भरला, तर उत्तर 0.41 येते. घेरात फरक फक्त 8 सेंटिमीटरचा. पण घेराचा वर्ग होत असल्याने घेणाऱ्याला 0.05 घनमीटर सालीचे पैसे मोजावे लागतात. टेप तिरपी धरली, तरीही घेर असाच फुगतो.