फोटोतली जर्सी बदलून घेताना: नंबर, नाव आणि खर्चाचा हिशेब

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम जवळ आला की पेठांमधले चौक डिजिटल फलकांनी भरतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालीम मंडळांपासून गल्लीतल्या संघापर्यंत सगळ्यांना शाहू स्टेडियमवर उतरण्याआधी फलक हवा असतो आणि त्यावर यंदाची जर्सी हवी असते. पण जर्सी शिवून येते शेवटच्या आठवड्यात, कधी प्रायोजक ऐन वेळी बदलतो, कधी फोटोच्या दिवशी चार पोरं गैरहजर असतात. मग गेल्या वर्षीचे फोटो डिझायनरकडे जातात आणि संगणकावर कपडे बदलले जातात. रंग, कॉलर, प्रायोजकाचं नाव हे बहुतेक ठीक जमतं. फसतं ते पाठीवरचं नाव आणि नंबर. या कामाला किती पैसे द्यावेत आणि छापायला सोडण्याआधी काय तपासावं, एवढंच इथे सांगतो.

आधी भाव. काम दोन तऱ्हांनी होतं. पहिल्या तऱ्हेत जर्सी घातलेलं एकच तयार धड असतं आणि त्यावर प्रत्येकाचा चेहरा बसवला जातो. याला माणशी ४० ते ६० रुपये धरावेत. दुसऱ्या तऱ्हेत खेळाडूचं स्वतःचं शरीर, उभं राहण्याची ढब आणि कापडाच्या सुरकुत्या तशाच ठेवून त्यावर नवी जर्सी, नाव आणि नंबर चढवतात. याला माणशी १०० ते २०० रुपये लागतात. फ्लेक्सची छपाई चौरस फुटाला १० ते २० रुपयांत होते, मात्र सणावारी आणि निवडणुकीत हा भाव टिकत नाही. हे सगळे चौकशीला निघताना हाताशी ठेवायचे अंदाज आहेत, कुणा एका दुकानाचं दरपत्रक नव्हे.

समजा संघात १८ खेळाडू आहेत, सगळे पाठमोरे उभे राहून मान वळवून बघताहेत आणि फलक १० बाय ६ फुटांचा आहे. माणशी १२० रुपयांनी जर्सीबदलाचे २,१६० होतात. ६० चौरस फुटांची छपाई १४ रुपयांनी ८४० ला पडते. एकूण ३,०००, चौकट आणि उभारणी वेगळी. चेहरे चिकटवण्याचं काम ४० रुपयांनी केलं तर १८ जणांचे ७२० होतात, म्हणजे १,४४० रुपये वाचतात. गंमत अशी की स्वस्तातल्या कामात नंबर वाकडा जाण्याची भीतीच नसते. धड एकच असल्याने एकदा सरळ बसलेला आकडा अठरा वेळा सरळच येतो. फक्त अठरा जण एकाच मापाचे, एकाच कोनात उभे दिसतात. कोपऱ्यावरच्या छोट्या फलकाला ते चालून जातं. मंडळाच्या कार्यालयात वर्षानुवर्षं टांगायच्या फोटोला मात्र ते शोभत नाही.

दुसऱ्या तऱ्हेत आकडा वाकडा का दिसतो, हे कळलं की तपासणी सोपी होते. डिझायनर आकडा फोटोच्या कडेला समांतर ठेवतो, पण माणूस क्वचितच फोटोच्या कडेला समांतर उभा असतो. कुणी एका पायावर भार देतो, कुणी खांदा पाडतो. पाठीवरच्या नंबराचा आधार म्हणजे कॉलरच्या मध्यापासून जर्सीच्या खालच्या शिलाईच्या मध्यापर्यंतची रेघ. नंबर या रेघेवर उभा हवा आणि नाव खांद्यांच्या उताराशी समांतर हवं. मोबाइलवर आलेल्या नमुन्यावर एखाद्या कागदाची सरळ कडा कॉलरच्या मध्यापासून खाली धरा. १० मधला १ आणि ० त्या कडेच्या दोन बाजूंना समान पडले पाहिजेत. मग तोच फोटो आरशासारखा उलटा करून बघा. सरळ बघताना डोळ्याला सवयीने न दिसलेला कल उलट्या फोटोत लगेच दिसतो.

अंतराची चूक अजून फसवी असते. बऱ्याच फाँटमध्ये सगळ्या आकड्यांना सारखीच रुंदी दिलेली असते, म्हणजे तक्ते नीट जुळतात. त्यामुळे इंग्रजी एकाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहते. ११ लिहिलं की दोन काठ्या एकमेकींवर रुसल्यासारख्या दूर उभ्या राहतात. १७ मध्ये मधली फट मोठी दिसते. डिझायनरने ही अंतरं हाताने जुळवायची असतात. फोटोशॉपमध्ये दोन अक्षरांच्या मध्ये कर्सर ठेवून Alt बरोबर डावा किंवा उजवा बाण दाबला की अंतर कमी-जास्त होतं, मिनिटभराचं काम आहे. इंग्रजी नावातही तेच. जाधव हे नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर डी आणि एच जवळ आल्यासारखे वाटतात आणि शेवटच्या ए व व्ही यांच्यात खिंडार पडतं, कारण तिरक्या रेघांच्या अक्षरांमध्ये हवा जास्त असते. पट्टीने मोजलेलं समान अंतर डोळ्याला समान दिसत नाही. अक्षरांमधली मोकळी जागा समान वाटली पाहिजे.

मोरे आणि सूर्यवंशी शेजारी उभे असले की आणखी एक मोह होतो. मोरे चार इंग्रजी अक्षरांत संपतं, सूर्यवंशीला अकरा लागतात. दोन्ही नावं एकाच पट्टीत भरायला डिझायनर मोरे ताणतो आणि सूर्यवंशी बुटकं करतो. हे होऊ देऊ नका. अठराही नावांची उंची एकच हवी. लांब नाव थोडं अरुंद करावं, छोटं नाव आहे तसं मधोमध ठेवावं. आंतरराष्ट्रीय फुटबॉलच्या पोशाख नियमांत पाठीवरचा आकडा २५ ते ३५ सेंटिमीटर उंच आणि नावाची अक्षरं जास्तीत जास्त ७.५ सेंटिमीटर असतात. म्हणजे आकडा नावाच्या साडेतीन-चारपट उंच. फलकावर हे प्रमाण ठेवलं की जर्सी खरी वाटते.

मंडळं आता नाव मराठीतही मागतात, आणि तिथे इंग्रजीचे नियम उलटे फिरतात. इंग्रजी नाव मोकळं करायला डिझायनर अक्षरांमधलं अंतर वाढवतो. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि 'पाटील'चे तीन तुकडे होतात. कमानीसारखं वळण देतानाही नाव वक्र रेघेवर लिहून चालत नाही, कारण प्रत्येक अक्षर वेगळं फिरतं आणि जोडांवर फटी पडतात. नाव आधी आकृतीत बदलावं आणि मग सबंध आकृतीला वळण द्यावं. डोक्यावरची रेघ अखंड आहे ना, एवढं नमुना मोठा करून बघा.

शुद्धलेखनाच्या चुका बहुतेकदा अज्ञानाने होत नाहीत, फाँटमुळे होतात. आपण व्हॉट्सअॅपवर यादी पाठवतो ती युनिकोडमध्ये. छपाईवाले अनेकदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटवर काम करतात. मग नाव बदलकातून जातं किंवा डिझायनर पुन्हा हाताने टाइप करतो. या प्रवासात रफार, जोडाक्षरं आणि चंद्रकोरी र सर्वांत आधी दगा देतात: कुऱ्हाडेचा ऱ्ह, सूर्यवंशीचा र्य, चव्हाणचा व्ह. काम युनिकोडमध्ये होऊनही फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटत असतील, तर डिझायनरला परिच्छेदाच्या मांडणीत World-Ready Layout निवडायला सांगा. त्याला बहुधा माहीत असतं; घाईत राहून जातं.

इंग्रजी स्पेलिंग मात्र घराघरात वेगळं. चौगुले कुणी सी-एच-ओ-यू ने लिहितो, कुणी सी-एच-ए-यू ने. सूर्यवंशीत कुणाचा व्ही, कुणाचा डब्ल्यू. इथे बरोबर-चूक असं काही नसतं. खेळाडू स्वतः लिहितो तेच बरोबर. म्हणून कर्णधाराने आठवणीतून यादी करू नये. नंबर, मराठी नाव आणि इंग्रजी नाव असे तीन रकाने असलेला कागद फिरवावा, ज्याने त्याने आपलं नाव लिहून पुढे सही करावी. मोठ्या संघांनाही नावातली चूक चुकलेली नाही. २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन नॅशनल्स या बेसबॉल संघाचे दोन खेळाडू छातीवरच्या संघाच्या नावातला 'ओ' गळालेल्या जर्सी घालून मैदानात उतरले होते. संघाचंच नाव सगळ्यांना पाठ, म्हणून बहुधा कुणी वाचलं नसावं.

नमुना तपासताना नावं उलट्या क्रमाने, शेवटच्या खेळाडूपासून पहिल्याकडे वाचा आणि वाचणारा माणूस यादी करणारा नसावा. दोघांच्या पाठीवर एकच नंबर आलाय का तेही बघा. एकाची जर्सी तयार झाली की तिचीच नक्कल दुसऱ्यावर चढवतात, तेव्हा हे हमखास होतं. समोरून घेतलेले फोटो असतील तर मंडळाचं चिन्ह शोधा. खेळाडूंची तोंडं आत वळवायला फोटो उलटे केले जातात, नंबर नव्याने लिहिला जातो आणि चिन्ह मात्र उजव्या छातीवर राहून जातं.

सुरकुत्यांबद्दल एक मर्यादा मान्य करावी लागते. कापड वळलं तिथे आकडाही वळायला हवा, नाहीतर तो पाठीवर चिकटवलेल्या स्टिकरसारखा दिसतो. डिझायनर फोटोच्या काळ्या-पांढऱ्या छटांवरून आकड्याला तसा वाक देतो. पण व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र इतकं आकसतं की त्या छटांत दाणे उरतात आणि आकड्याच्या कडा करवतीसारख्या होतात. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फोटोच हाताशी नसेल तर माणशी दोनशे रुपये देऊनही फरक पडणार नाही. तेव्हा स्वस्तातलं काम घ्यावं.

पैसे ठरवताना तीन गोष्टी पावतीवर लिहून घ्या. छपाईआधी किती वेळा दुरुस्ती फुकट मिळेल. मंजुरी मिळेपर्यंत नावांची अक्षर म्हणून दुरुस्त करता येईल अशी प्रतही राहील. तशी प्रत नसेल तर नावं आकृतीत एकदा बदलली की एक वेलांटी सुधारायलाही नाव नव्याने करावं लागतं. आणि काम संपल्यावर मूळ फाइल तुम्हाला मिळेल, कारण पुढच्या वर्षी दोन खेळाडू बदलले तर तिच्यावर नाममात्र पैशांत काम होतं, ती नसेल तर पुन्हा पूर्ण दर.

फलक छापून झाल्यावर चूक सापडली तर वरच्या उदाहरणात पुन्हा ८४० रुपये लागतील. ते कुणी द्यायचे हे सह्यांच्या यादीवरून ठरतं. यादीत चुकलं असेल तर मंडळाने द्यावेत, यादी बरोबर असून फलकावर चुकलं तर दुकानदाराने. मंजूर नमुना आणि यादी दोन्ही जपून ठेवा. पावती असूनही दुकानदार ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.