टायमरवर मोटार सोडण्याआधी

केदारखेड्याच्या शिवारात आमच्या विहिरीवर 5 एचपीची मोटार आहे आणि त्यावर एकरभर मिरचीचं ठिबक. दिवसाला 4 मिलिमीटर पाणी धरलं तर एकराला 16 हजार लिटर लागतं, आणि ते आमची मोटार तासाभरात देते. पण कृषी फीडरला थ्री फेज पाळीप्रमाणे येते, कधी दिवसा तर कधी रात्री. एका तासाच्या पाण्यासाठी अंधारात विहिरीवर जाऊन बसायचं, सापविंचवाचं भय घ्यायचं, म्हणून आम्ही टायमर आणि कॉन्टॅक्टर बसवून घेतला. काही दिवसांनी एका सकाळी गेलो तर मोटार जळालेली होती.

रिवायंडिंगवाल्याने मोटार उघडून दाखवली. दोन फेजची गुंडाळी काळी पडलेली, तिसरी जशीच्या तशी कोरी. स्टार जोडणीच्या मोटारीत असं दिसलं की समजावं, एक फेज गेला आणि मोटार उरलेल्या दोनवर ओढत राहिली. पेटीत ओव्हरलोड रिले होता, मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरला लावलेलाही होता. मग त्याने वाचवलं का नाही? कारण त्याचा रीसेट ‘ऑटो’वर होता.

हे नीट समजून घ्या, सगळी मेख इथेच आहे. हिरवं बटन दाबून चालणाऱ्या साध्या स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर स्वतःच्याच एका संपर्कावर स्वतःला धरून ठेवतो. लाईट गेली किंवा रिले पडला की ती धर सुटते आणि कोणीतरी परत बटन दाबेपर्यंत मोटार थांबून राहते. टायमर लावला की ही माणसाची वाट बघणं संपतं, कारण ठरलेल्या तासात टायमरचा संपर्क जोडलेलाच असतो. आमचा रिले तापून पडला, थंड झाला, आपोआप बसला, आणि मोटार पुन्हा दोन फेजवर सुरू झाली. तासभर हेच चाललं. म्हणून रिलेवरचा रीसेट ‘एच’ किंवा ‘एम’वर, म्हणजे हाताने बसवायच्या खुणेवर ठेवा. एकदा पडला की तुम्ही जाईपर्यंत तो पडलेलाच राहिला पाहिजे.

दुसरी गरज फेज प्रिव्हेंटरची. त्याचा संपर्क, रिलेचा संपर्क आणि टायमर, तिन्ही एकामागे एक जोडून मगच कॉन्टॅक्टरच्या कॉइलला पुरवठा जावा. टायमरने फक्त वेळ सांगायची. मोटार चालायची की नाही यात बाकीच्या दोघांचाही होकार लागला पाहिजे. प्रिव्हेंटर घेताना व्होल्टेजसोबत करंटही बघणारा घ्या. मोटार फिरत असताना गेलेल्या फेजवरही ती स्वतःच व्होल्टेज उभं करते, त्यामुळे फक्त व्होल्टेज बघणारा स्वस्त प्रिव्हेंटर फसू शकतो.

टायमरवर 16 अँपिअर लिहिलेलं असतं, ते बल्ब-हीटरसारख्या भारासाठी. मोटारीची वायर त्यातून कधीच नेऊ नका. त्यातून जाईल ती फक्त कॉइलची. टायमर बॅटरी बॅकअपचाच घ्या, नाहीतर जितका वेळ लाईट नसेल तितकं त्याचं घड्याळ मागे पडतं आणि चार दिवसांत वेळ भलतीकडेच जाते. फीडरची पाळी बदलली की वेळही बदलावी लागते, आणि व्हॉल्व्ह फिरवायला माणूस लागतोच.

आता सगळ्यात जिवावरची गोष्ट. शेतातल्या बऱ्याच स्टार्टरची कॉइल 415 व्होल्टची, दोन फेजवर चालणारी असते. टायमर मात्र 230 चा. मग न्यूट्रल हवा म्हणून काही वायरमन अर्थिंगचीच तार न्यूट्रल म्हणून वापरतात. अर्थिंग सुकलं किंवा तार तुटली की त्याच तारेला जोडलेल्या लोखंडी पेटीत करंट उतरतो. हे कोणाला करू देऊ नका. खरा न्यूट्रल नसेल तर पेटीत 415 चे 230 करणारा लहान ट्रान्सफॉर्मर फ्यूजसह बसवा, आणि टायमर व कॉइल दोन्ही त्यावर 230 ची ठेवा.

लाईट परत आल्यावर मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपीवर ताण येतो. ऑटो स्विच काढा असं महावितरण सांगतं ते याचसाठी. टायमरचीही तीच गत होते. मिनिट-दोन मिनिटांचा ऑन-डिले त्यात टाका, आणि शेजाऱ्यांनी वेगवेगळे आकडे ठेवा.

काम झाल्यावर वायरमनला पैसे देण्याआधी त्याच्याकडूनच एक चाचणी करून घ्या. मेन बंद करून एक फ्यूज काढायचा, मग मेन चालू करून टायमर हाताने ‘ऑन’ करायचा आणि ऑन-डिले संपेपर्यंत थांबायचं. कॉन्टॅक्टरने ओढलं तर जोडणी चुकली आहे. तिन्ही फ्यूजवर एकेक करून हे बघा. आणि फिल्टर धुवायचा असो की पाइप जोडायचा, टायमरच्या भरवशावर राहू नका. मेन पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि मगच मोटारीला हात लावा.