बोटांनी वाचावयाचा नकाशा

केदारखेड्याच्या शाळेत तिसरीच्या वर्गात एक दृष्टिहीन मुलगी आहे आणि उद्याचा पाठ ‘आपल्या जिल्ह्यातील नद्या’ हा आहे, असे समजू. शिक्षक फळ्यावरील नकाशाकडे छडी दाखवून “ही पूर्णा, ती गोदावरी” असे म्हणत गेले, तर त्या मुलीच्या पदरी ‘ही’ आणि ‘ती’ एवढेच शब्द पडतात. म्हणून पाठाची आखणी आदल्या दिवशीच करावी.

दोन्ही पंजे मावतील एवढा पुठ्ठा घ्यावा व त्याचा वरचा उजवा कोपरा कापावा. त्यावरून उत्तर दिशा वरच्या बाजूस असल्याचे तिला दर वेळी कळेल. जिल्ह्याच्या सीमेसाठी सुतळी आणि नद्यांसाठी लोकरीचा धागा डिंकाने चिकटवावा. दक्षिणेकडे गोदावरी बरेच अंतर सीमेवरूनच वाहते. तेथे दोन्ही शेजारी लावल्यास बोटाला एकच जाड रेघ लागेल. म्हणून तेवढ्या भागात केवळ लोकर लावावी. नदी हीच सीमा, हे त्यातून आपोआप समजेल. जालना शहरासाठी एक गुंडी आणि केदारखेड्यासाठी तुरीच्या डाळीचा दाणा पुरे. तालुके, रस्ते, इतर गावे यांचा मोह टाळावा. त्यांसाठी दुसरा पुठ्ठा करावा. डिंक रात्रभर वाळू द्यावा.

पाठापूर्वी पाच मिनिटे सुतळी, लोकर, गुंडी व डाळ ही चिन्हे तिच्या हाती सुटी द्यावीत. मग आधी दोन्ही पंजे सबंध नकाशावरून फिरवू द्यावेत. त्यानंतर एक बोट कापलेल्या कोपऱ्याशी ठेवून दुसऱ्याने रेघ शोधावी. तिचे बोट ओढून नेऊ नये. ती शोधते ते ठिकाण शब्दांनी सांगावे.

बोलणे सर्व वर्गासाठी एकच असावे: “जालन्याच्या उत्तरेस, भोकरदनच्या वाटेवर, आपले केदारखेडा आहे. तेथून पूर्णा पूर्वेकडे जाते.” ‘इकडे’, ‘तिकडे’ हे शब्द वर्ज्य करावेत. फळ्यावर लिहावयाचे प्रत्येक अक्षर उच्चारीत लिहावे.

समज झाली की नाही, हे “कळले का?” या प्रश्नाने उमगत नाही. तिला कोरा पुठ्ठा व लोकरीचा तुकडा द्यावा आणि गावाजवळची पूर्णा मांडावयास सांगावे. तिने लोकर वरच्या भागात, डावीकडून उजवीकडे मांडली, तर नकाशा तिच्या मनात उतरला. ती केवळ सुतळीच्या कडेने बोट फिरवीत राहिली, तर तिने पुठ्ठा चाचपला, जिल्हा नव्हे. अशा वेळी पाठ पुढे न नेता चिन्हे पुन्हा ओळखवावीत.

अंशतः दिसणाऱ्या मुलासाठी हाच नकाशा पिवळ्या पुठ्ठ्यावर काळ्या सुतळीने करावा.